मेडिकलबाहेरचा ‘इम्युनिटी’ फलक : दुकानदाराने काय लिहावे, काय लिहू नये?

‘सावधान! फ्लूची साथ आली आहे. तुमची मुले सुरक्षित आहेत का? इम्युनिटी बूस्टर कॉम्बो : व्हिटॅमिन सी + झिंक + गुळवेल. सर्दी-ताप १०० टक्के दूर. साठा मर्यादित.’

पुण्याच्या एका उपनगरातील मेडिकलबाहेर ऑगस्टमध्ये हा फलक लागला होता. पांढरा बोर्ड, लाल मार्कर. असे फलक या दिवसांत जवळपास प्रत्येक चौकात दिसतात, त्यामुळे कोणी फारसे थांबून वाचत नाही. या दुकानातील फलक मात्र तीन आठवड्यांनी पुसला गेला, आणि तो दुकान चालवणाऱ्या फार्मासिस्ट मॅडमनी स्वतःच पुसला.

कारण घडले ते एका नेहमीच्या ग्राहकामुळे. साठी ओलांडलेले, मधुमेह असलेले हे काका ताप आला त्या संध्याकाळी कॉम्बो घेऊन गेले. चौथ्या दिवशी ते धापा टाकत पुन्हा दुकानात आले आणि म्हणाले, ‘ताई, बोर्डावर लिहिलं होतं म्हणून नेलं. गोळ्या संपत आल्या, ताप काही उतरेना.’ मॅडमनी त्यांना तिथूनच डॉक्टरांकडे पाठवले. निदान फ्लूचे निघाले आणि काकांना चार दिवस दवाखान्यात राहावे लागले. ‘मी त्यांना डॉक्टरकडे जाऊ नका असं कुठे सांगितलं होतं? पण माझ्या बोर्डाने सांगितलं होतं,’ असे मॅडम म्हणाल्या.

आता त्यांना नवा फलक लिहायचा आहे. माल विकायचा आहे, दुकान चालवायचे आहे, पण खोटे लिहायचे नाही आणि घाबरवायचेही नाही. असा फलक लिहिता येतो का? जुन्या फलकाची एकेक ओळ घेऊन हे समजून घेऊ या.

दुकानाबाहेरचा बोर्ड ही जाहिरात आहे का?

आहे. अनेक दुकानदारांना वाटते की जाहिरात म्हणजे टीव्हीवरची किंवा वर्तमानपत्रातली, आणि ती कंपनी करते. कायदा असे मानत नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ साली झाला. त्यातील ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येत नोटीस, परिपत्रक, लेबल, वेष्टन हे सारे येते. तोंडी केलेली घोषणा येते. प्रकाश, आवाज किंवा धूर वापरून केलेली घोषणाही येते. म्हणजे मार्करने लिहिलेला बोर्ड तर जाहिरात आहेच, पण काउंटरमागून ‘हे घ्या, ताप येणारच नाही’ असे मोठ्याने सांगणेही त्यापासून फार दूर नाही.

खाद्यपदार्थांसाठीचा कायदा वेगळा आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातील व्याख्येतही नोटीस आहे, आणि त्यात इंटरनेटचाही उल्लेख आहे. त्यामुळे दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकलेला कॉम्बोचा फोटोही त्यात बसतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी या कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एकाच फलकावर दोन वेगळे कायदे कसे?

हा सगळ्यात जास्त गोंधळ होणारा मुद्दा आहे. ‘इम्युनिटी’ नावाच्या शेल्फवर एकमेकांशेजारी ठेवलेल्या तीन बाटल्या कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू असू शकतात.

पहिली बाटली औषधाची. व्हिटॅमिन सीच्या काही गोळ्या औषध म्हणून परवाना घेऊन बनवल्या जातात. त्यांच्या वेष्टनावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. दुसरी बाटली पूरक आहाराची, म्हणजे कायद्याने खाद्यपदार्थाची. तिच्यावर एफएसएसएआयचे चिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक असतो, आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ म्हणजे ‘औषध म्हणून वापरण्यासाठी नाही’ असे इंग्रजीत छापलेले असते. तिसरी बाटली आयुर्वेदिक औषधाची. तिच्यावर तसे लिहिलेले असते आणि परवाना आयुष खात्याच्या व्यवस्थेतून आलेला असतो.

गंमत अशी, की व्हिटॅमिन सीची तीच गोळी एका कंपनीची औषध असते, तर दुसऱ्या कंपनीची खाद्यपदार्थ. रंग, चव, आकार सारखेच. फरक फक्त लेबलावर असतो. पूरक आहार विकायचा तर मेडिकलकडे औषधविक्रीच्या परवान्याबरोबर अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवानाही लागतो.

फलक लिहिण्याआधी मॅडमनी पहिले काम हेच केले. तिन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या आणि लेबले वाचली. व्हिटॅमिन सी आणि झिंक हे दोन्ही खाद्यपदार्थ निघाले, गुळवेलीच्या गोळ्या आयुर्वेदिक औषध. ज्यांवर ‘औषध म्हणून वापरण्यासाठी नाही’ असे छापले आहे, त्याच डब्या ‘सर्दी-ताप दूर’ या ओळीखाली मांडल्या होत्या.

‘सर्दी-ताप १०० टक्के दूर’ या ओळीत नेमके काय चुकले?

खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. एखादा खाद्यपदार्थ आजार टाळतो, कमी करतो किंवा बरा करतो असा दावा, खास परवानगी असल्याशिवाय, करता येत नाही. त्यामुळे व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या बाबतीत ही ओळ तिथेच बाद होते. गुळवेलीच्या गोळ्यांना १९५४ चा कायदा लागू होतो. त्याला एक अनुसूची जोडलेली आहे. त्यातील आजारांवर उपचार किंवा प्रतिबंध करते अशी औषधाची जाहिरात करता येत नाही. त्या यादीत कर्करोग, मधुमेह यांच्याबरोबर ‘ताप (सर्वसाधारण)’ अशीही नोंद आहे. सर्दी यादीत नाही. पण औषधाबद्दल खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देण्यास तोच कायदा वेगळ्या कलमाने मनाई करतो.

कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच, की ही ओळ खरी आहे का?

व्हिटॅमिन सीबद्दल सर्वाधिक आधार घेतला जातो तो कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्याचा. त्यात ११ हजारांहून अधिक लोकांवरील चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. रोज २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त व्हिटॅमिन सी घेणाऱ्या सामान्य लोकांना सर्दी होण्याचे प्रमाण कमी झाले नाही. सर्दी झालीच तर तिचा कालावधी मोठ्यांमध्ये सरासरी ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के कमी झाला. अपवाद होता तो मॅरेथॉन धावपटू, स्कीइंग करणारे आणि कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक यांचा. त्यांच्यात सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले.

८ टक्के म्हणजे किती, हे साधे गणित करून पाहू. सर्दी सात दिवस राहते असे धरले, तर ते होतात १६८ तास. त्याचे ८ टक्के म्हणजे साधारण साडेतेरा तास. वर्षातून दोनदा सर्दी झाली तर बचत २७ तासांची, आणि त्यासाठी गोळी घ्यायची रोज, म्हणजे वर्षाला ३६५ गोळ्या. ज्याला हे परवडते आणि पटते त्याने जरूर घ्यावी. पण लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. हा फायदा आधीपासून रोज घेणाऱ्यांना मिळाला. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेणाऱ्यांमध्ये असा सातत्याने दिसणारा फायदा आढळला नाही. आणि मेडिकलमध्ये ग्राहक येतो तो बहुतेक वेळा शिंका सुरू झाल्यावरच.

झिंकचे चित्र आणखी धूसर आहे. कॉक्रेनच्याच २०२४ च्या आढाव्यानुसार झिंकने सर्दी टळण्याच्या बाबतीत फारसा फरक पडत नसावा. सर्दी झाल्यावर घेतल्यास ती सुमारे दोन दिवसांनी कमी होऊ शकते, पण या निष्कर्षाबद्दलची खात्री कमी आहे, आणि मळमळ, तोंडाची चव बिघडणे असे त्रास वाढतात. म्हणजे ‘मदत होऊ शकते’ असे म्हणता येईल, ‘१०० टक्के’ असे नाही.

मग ‘इम्युनिटी’ हा शब्दच वापरायचा नाही का?

वापरता येतो. फक्त त्याच्यापुढे कोणते क्रियापद येते ते पाहायचे. ‘बूस्ट’ म्हटले की वाचणाऱ्याला वाटते, शक्ती होती त्याहून वर जाणार. पण जीवनसत्त्वाचे काम तसे चालत नाही. शरीरात ते कमी असेल तर प्रतिकारशक्तीचे काम अडते आणि कमतरता भरून काढली की ते सुरळीत होते. ज्याच्या शरीरात ते आधीच पुरेसे आहे, त्याने आणखी घेतले म्हणून काम दुप्पट होत नाही. पाण्याची टाकी भरली की नळ चालू ठेवून फायदा नसतो, जादाचे पाणी वाहून जाते. व्हिटॅमिन सीचे बरेचसे तसेच होते, जादा भाग लघवीवाटे निघून जातो.

युरोपीय संघाने २०१२ मध्ये मंजूर दाव्यांची यादी केली. त्यातील व्हिटॅमिन सी आणि झिंकसाठीच्या वाक्याचा आशय ‘प्रतिकारशक्तीचे नेहमीचे काम चालण्यास हातभार लावते’ असा आहे. हे वाक्य कंटाळवाणे आहे खरे, पण ते टिकते, कारण त्यात आजाराचे नाव नाही आणि हमीही नाही. मॅडमनी हाच साचा घेतला.

प्रौढ पुरुषाची व्हिटॅमिन सीची रोजची गरज आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार ८० मिलिग्रॅम आहे, स्त्रीची ६५. शंभर ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असते. म्हणजे चाचण्यांत वापरलेली किमान मात्रा एका मध्यम पेरूतही मिळते. ही ओळ फलकावर लिहिली तर गोळ्यांचा खप कमी होईल, असे मॅडमच्या मदतनीस मुलाचे म्हणणे होते. मॅडमनी ती तरीही ठेवली.

‘प्रमाणात घ्या’ एवढे लिहून भागते का?

नाही, कारण ग्राहकाला प्रमाण कुठे वाचायचे तेच माहीत नसते. झिंकचे उदाहरण घ्या. लेबलावर ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ५५ मिलिग्रॅम’ लिहिले असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक किती? या संयुगात झिंकचा वाटा वजनाने सुमारे ३६ टक्के असतो, म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम. दुसऱ्या डबीवर थेट ‘एलिमेंटल झिंक ५० मिलिग्रॅम’ लिहिलेले असू शकते. ५५ हा आकडा ५० पेक्षा मोठा दिसतो, पण दुसऱ्या गोळीत झिंक अडीचपट आहे. मोठ्या माणसासाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम धरली जाते. ती महिनोन्महिने ओलांडली तर शरीरात तांब्याची कमतरता होऊ शकते. त्यातून रक्तक्षय आणि नसांचे त्रास उद्भवतात.

कॉम्बोची अडचण इथेच आहे. ग्राहक आधीच मल्टिव्हिटॅमिन घेत असतो, त्यातही झिंक असते. वर कॉम्बोतले झिंक जाते. म्हणून मॅडमनी कॉम्बो मोडला. तिन्ही वस्तू सुट्या ठेवल्या आणि विकताना एकच प्रश्न विचारायचा ठरवले, ‘सध्या दुसरी कोणती गोळी चालू आहे?’

व्हिटॅमिन सीची वरची मर्यादा दिवसाला २ हजार मिलिग्रॅम मानली जाते. त्यापलीकडे जुलाब होतात. ज्यांना पूर्वी मूतखडा झाला आहे त्यांनी मात्र जास्त मात्रेची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गुळवेलीबाबत २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद मेडिकलच्या काउंटरवर सुटणारा नाही. पण यकृताचा विकार असलेल्याने किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांतील रुग्णाने वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, एवढे सांगणे दुकानदाराच्या हातात आहे.

‘सावधान! तुमची मुले सुरक्षित आहेत का?’ यात खोटे काय?

खोटे काही नाही. फ्लू येतो, हे खरे आहे. आपल्याकडे त्याचे दोन हंगाम असतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात व त्यानंतर. पुण्याला तर वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू इथेच झाला, शाळा बंद झाल्या आणि मास्क मिळेनासे झाले. त्या दिवसांची आठवण असलेल्या आईबापांना हा प्रश्न विचारला की ते दोन डब्या घेऊन जातात.

दोष असा, की प्रश्न उत्तरासाठी विचारलेलाच नाही. भीती फ्लूची दाखवायची आणि उपाय म्हणून पुढे करायची ती वस्तू, जी फ्लू थांबवत नाही. खाद्यपदार्थांवरील दाव्यांसाठी ‘कोडेक्स’ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ग्राहकाच्या मनात भीती निर्माण करणारे किंवा त्या भीतीचा फायदा घेणारे दावे त्यांत निषिद्ध आहेत. ‘साठा मर्यादित’ ही ओळही त्याच जातीची. मॅडमच्या दुकानात साठा मर्यादित नव्हताच, मागे दोन खोकी होती.

मुलांच्या बाबतीत तर मौनच बरे. सर्दी-खोकल्याची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा सुचवली जात नाहीत, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. विषारी कफ सिरपमुळे छिंदवाड्यातील मुलांचे मृत्यू झाले, त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते, त्या वेळची ही सूचना. त्यामुळे ‘मुलांसाठी’ म्हणून फलकावर काहीही न विकता, ‘मुलांसाठी डॉक्टरांना विचारा’ एवढेच लिहायचे ठरले.

फलकावर नसलेली, पण सर्वांत महत्त्वाची ओळ कोणती?

डॉक्टरांकडे कधी जायचे, ही. फ्लूवरील विषाणूविरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. वय जास्त, मधुमेह, दमा, हृदयविकार, गरोदरपण, अगदी लहान मूल, अशा लोकांसाठी हे पहिले दोन दिवस मोलाचे असतात. कॉम्बो घेऊन घरी बसलेल्या काकांचे नेमके तेच दोन दिवस गेले. वेळेत गेले असते तर दवाखान्यात राहणे टळलेच असते, असे म्हणता येणार नाही. पण टळण्याची शक्यता त्यांना मिळायला हवी होती.

फ्लू टाळण्यासाठी ज्याचा पुरावा भक्कम आहे ती गोष्ट म्हणजे दरवर्षीची लस. विषाणूशी चांगली जुळली तर ती फ्लूसाठी डॉक्टरकडे जाण्याची जोखीम ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. तिलाही कोणी ‘१०० टक्के’ म्हणत नाही.

मग नवा फलक कसा झाला?

दोन संध्याकाळी खाडाखोड करून मॅडमनी लिहिलेला मजकूर असा आहे. या वेळी मार्कर निळा होता.

‘सर्दी-फ्लूचे दिवस आहेत. आमच्याकडे काय मिळते आणि त्याने काय होते :

व्हिटॅमिन सी : प्रतिकारशक्तीचे नेहमीचे काम चालण्यास हातभार लावते. आजारावरचे औषध नाही. पेरू, आवळा यांतूनही मिळते. मूतखडा झाला असल्यास आधी विचारा.

झिंक : प्रतिकारशक्तीच्या नेहमीच्या कामासाठी लागणारे खनिज. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर आम्हाला दाखवा, दोन्ही लागत नसतील.

गुळवेल : आयुर्वेदिक औषध. वैद्यांच्या सल्ल्याने घ्या. यकृताचा त्रास असल्यास घेऊ नका.

ताप आला आहे? वय ६५ च्या पुढे, मधुमेह, दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा पाच वर्षांखालील मूल असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. इतरांनी तीन दिवसांत ताप न उतरल्यास. धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी यांपैकी काहीही असेल तर लगेच.

फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.’

फलक जुन्यापेक्षा चौपटीहून जास्त लांब झाला आहे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तो एका नजरेत वाचता येत नाही, ही त्याची खरी उणीव. त्यावर मॅडमनी तापाची ओळ सर्वांत वर आणि मोठ्या अक्षरांत घेतली, बाकीचा मजकूर काउंटरवर लॅमिनेट करून ठेवला. खपाचे काय झाले, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘कॉम्बो जात नाही, सुट्या डब्या जातात. आणि लोक उभे राहून प्रश्न विचारतात, त्यात वेळ जातो.’

तुमच्या मेडिकलबाहेर असा फलक दिसला तर एवढेच पाहा : त्यात आजाराचे नाव आणि ‘दूर’, ‘बंद’, ‘हमखास’ असे शब्द एकत्र आले आहेत का. आले असतील तर डबी उलटून लेबल वाचा. ‘औषध म्हणून वापरण्यासाठी नाही’ असे तिथे छापले असेल, तर डबीवरचे वाक्य खरे माना. तक्रार करायची असल्यास फलकाचा आणि लेबलाचा असे दोन्ही फोटो काढून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे देता येतात.

काका आता बरे आहेत. परवा ते मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आले, तेव्हा त्यांनी नवा फलक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि लशीबद्दल विचारले. मॅडमनी त्यांना डॉक्टरांकडून चिठ्ठी आणायला सांगितले.